अण्णांची रात्रपाळी परत सुरू झाली, पण ती नेमकी कशामुळे

प्रश्न: "ट्रक चालवतो, वय ४५. रात्री समोरून लाईट आली की दोनतीन सेकंद काहीच दिसत नाही, म्हणून वर्षभर अंधार पडला की गाडी उभी करतो. एक ड्रायव्हर मित्र म्हणतो नवीन अँटी-ग्लेअर चष्मा घेतला आणि त्याचं सगळं रूटीनच बदललं. खरंच एवढा फरक पडतो का, का उगाच पैसे घालवायचे?"

फरक पडतो, पण बहुतेक वेळा त्या अँटी-ग्लेअरमुळे नाही पडत. मी २२ वर्षं डोळे तपासून नंबर काढायचं काम करतोय आणि ड्रायव्हर लोकांच्या तोंडून हेच वाक्य शेकड्याने ऐकलंय, "अँटी-ग्लेअर घेतला आणि सुटलो". मित्र खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच बरं वाटलंय, फक्त श्रेय चुकीच्या माणसाला चाललंय. आणि ते चुकीच्या माणसाला गेलं की पुढचा माणूस नुसतं कोटिंग विकत घेतो, त्याला काही फरक पडत नाही, मग तो म्हणतो चष्मे सगळे थोतांड. म्हणून एक केस पूर्ण सांगतो. त्यांना अण्णा म्हणू, खरं नाव कशाला.

अण्णा ४८ वर्षांचे, पंचवीसेक वर्षं गाडीवर. माझ्याकडे आले ते रात्रीसाठी नाहीच, आले कारण पावतीवरचे आकडे वाचता येईनात. मी सवयीने विचारलं, रात्री गाडी चालवताना कसं वाटतं? तर म्हणाले, "रात्री मी चालवतच नाही डॉक्टर." (मी डॉक्टर नाही हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय.) का नाही चालवत, तर "आवडत नाही". थोडं खोदल्यावर बाहेर आलं की दीड वर्षापासून सूर्य मावळायच्या आत गाडी बाजूला लावतात आणि उजाडल्यावर निघतात. दोन दिवसांची ट्रिप तीन दिवसांवर जाते. मालकाला कधी टायर सांगितला, कधी गिअरबॉक्स सांगितला. वेळेत पोचवायचा माल त्यांना मिळेनासा झाला होता आणि घरी कुणालाच खरं कारण माहीत नव्हतं. एकदा रात्री समोरून अप्पर मारत एक गाडी आली, ती गेली आणि पुढे रस्त्याच्या कडेला लाईट नसलेला ट्रॅक्टर उभा, तो त्यांना अगदी शेवटी दिसला. तेव्हापासून बंद.

इथे जरा हिशोब करून बघा म्हणजे त्यांची भीती उगाच नव्हती हे कळेल. ताशी ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. लाईट डोळ्यावरून गेल्यावर तीन सेकंद नीट दिसत नसेल तर ५० मीटर तुम्ही आंधळे गेलात, आणि डिप्परच्या उजेडात पुढचा रस्ता जवळपास तेवढाच दिसतो. ब्रेक लागून गाडी थांबायला लागतं ते अंतर अजून यात धरलेलंच नाही. म्हणजे तुम्ही जी गाडी उभी करताय ना, ते बरोबरच करताय, कारण कळेपर्यंत तेच करा.

आता त्यांच्या डोळ्यात काय सापडलं ते. चष्मा होता, चार वर्षांपूर्वीचा, दोन्हीकडे −०.५० नंबर, काचा बारीक ओरखड्यांनी भरलेल्या कारण पुसायचे कशाने तर हातात येईल त्या फडक्याने. दिवसा त्या चष्म्यातून ते जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते, म्हणून त्यांना कधी वाटलंच नाही की नंबर बदललाय. मग मी खोलीतले दिवे घालवले, फक्त तक्ता पेटता ठेवला, पाच मिनिटं तसंच बसवलं आणि परत वाचायला सांगितलं, तर दोन ओळी गेल्या. मग हातभर अंतरावरून, नजरेच्या जरा बाजूला, छोटी टॉर्च लावली तर अजून दोन ओळी गेल्या आणि अण्णा स्वतःच म्हणाले, "हां, हेच, असंच होतं."

असं का होतं तर डोळ्याची बाहुली. दिवसा ती साधारण दोनतीन मिलिमीटर असते, अंधारात पाचसहापर्यंत उघडते. छोट्या भोकातून बघताना थोडाफार चुकलेला नंबर झाकला जातो, डोळे बारीक केले की लांबचं जरा स्पष्ट दिसतं ना, तसंच. बाहुली मोठी झाली की तोच चुकलेला नंबर उघडा पडतो आणि प्रत्येक दिव्याला मिशा फुटतात, एका दिव्याच्या दोन रेघा होतात, लाईट पसरून शेजारचा अंधार गिळून टाकते. सगळ्यात जास्त त्रास देतो तो सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याचा गोलावा एका दिशेने कमी आणि दुसऱ्या दिशेने जास्त असतो तो. अण्णांना उजवीकडे −०.७५ आणि डावीकडे −०.५० सिलिंडर निघाला जो जुन्या चष्म्यात अजिबातच नव्हता, आणि साधा नंबरही पाव ते अर्धा वाढलेला. दिवसा हे इतकं किरकोळ की बरेच दुकानदार "सिलिंडर थोडासाच आहे, सोडून देऊ" म्हणतात. दिवसा पुस्तक वाचणाऱ्याला सोडा हवं तर, रात्री ३० टनाची गाडी चालवणाऱ्याला नाही सोडायचा.

ट्रायल फ्रेममध्ये नवा नंबर घालून परत अंधार केला, परत टॉर्च लावली. अंधारातल्या गेलेल्या दोन्ही ओळी परत आल्या, टॉर्च लावल्यावर चारऐवजी एकच ओळ गेली. लक्षात घ्या, त्या ट्रायल काचांना अँटी-ग्लेअर कोटिंग नव्हतं. सगळा खेळ इथेच झाला होता, चष्मा बनायच्या आधी.

मग कोटिंग काय करतं? आपल्याकडे अँटी-ग्लेअर हे नाव पडलंय त्यामुळे लोकांना वाटतं समोरची लाईट ते कापतं. तसं नाही. ते काचेवरचं प्रतिबिंब कमी करतं. साध्या प्लास्टिक काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, म्हणजे दोन बाजू मिळून ८ टक्के, आणि पातळ म्हणून मिळणाऱ्या जास्त इंडेक्सच्या काचेत अजून जास्त. हा उजेड नुसता वाया जात नाही, काचेच्या आतल्या आत आपटून समोरच्या हेडलाईटची एक फिकी जुळी लाईट तयार करतो, आणि मागून येणाऱ्या गाडीची लाईट आरशातून किंवा बाजूने काचेच्या आतल्या अंगावर पडून सरळ डोळ्यात येते. कोटिंगने हे एकदोन टक्क्यांवर येतं. म्हणजे कोटिंगमुळे डोळ्यात उजेड उलट थोडा जास्तच जातो, आणि रात्री तेच हवं असतं. ड्रायव्हरने कोटिंग घ्यावंच असं माझं मत आहे, पण समोरच्याचा अप्पर त्याने एका पैशाने कमी होत नाही. कोटिंग आहे का नाही हे बघायला काच तिरकी धरून त्यात ट्यूबलाईट बघा, प्रतिबिंब पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही, फिकट हिरवं किंवा निळसर दिसलं तर आहे.

पिवळ्या काचांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण मित्राचा "अँटी-ग्लेअर" म्हणजे तोच असू शकतो, बिननंबरचा पिवळा चष्मा, रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून विकतात तो. तो घातला की बरं वाटतं हे खरंय, सगळं जरा उबदार आणि स्पष्ट भासतं. पण तो उजेड कापतो, आणि रात्री तुमच्याकडे कापायला उजेड आहेच कुठे. अमेरिकेत २०१९ मध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर लोकांना पिवळे चष्मे घालून आणि समोरून लाईट मारून तपासलं, तर रस्त्यावरचा पायी माणूस ओळखायला त्या चष्म्यांचा काहीच फायदा दिसला नाही. बरं वाटणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे त्या उलट्या दिशेला जाऊ शकतात, कारण बरं वाटलं की माणूस स्पीड वाढवतो. आणि उन्हाचे काळे किंवा पोलराइज्ड गॉगल तर रात्री अजिबातच नको, चष्म्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी काच रात्रीच्या ड्रायव्हिंगला चालत नाही.

अण्णांचा चष्मा झाला. साधा पांढरा, पूर्ण नंबर सिलिंडरसकट, कोटिंगचा. वाचायचा नंबर मी मुद्दाम वेगळ्या चष्म्यात दिला कारण आधीच दोन बदल होत होते. पहिले चारपाच दिवस फक्त दिवसा घाला म्हटलं, नवीन सिलिंडरने सुरुवातीला जमीन तिरकी वाटते, आरशातलं अंतर चुकल्यासारखं वाटतं, ते अंगवळणी पडेपर्यंत रात्र नको. ते त्यांनी पाळलं. मग ओळखीच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर अर्धा तास, मग नऊपर्यंत, दुसऱ्या आठवड्यात अकरापर्यंत. फोनवर मला म्हणाले, "समोरचा लाईट तेवढाच आहे हो, पण आता तो गोल आहे." हे वाक्य मी आजही विद्यार्थ्यांना सांगतो, कारण नेमकं तेच झालं होतं, लाईट कमी नव्हती झाली, तिच्या मिशा गेल्या होत्या आणि शेजारची रस्त्याची कड दिसायला लागली होती.

आणि तिसऱ्या आठवड्यात परत फोन, चष्मा बिघडला, परत सगळं पसरतंय. मी म्हटलं चष्मा असा बिघडत नाही, एक काम करा, गाडी उभी असताना लांबच्या एका दिव्याकडे बघा, आधी केबिनमधून काचेतून, मग खाली उतरून. खाली उतरले तर दिवा स्वच्छ. म्हणजे दोष गाडीच्या काचेत. बाहेरून ते रोज काच धुवायचे, आतून कधीच नाही. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून त्यातून जे निघतं ते, श्वास, धूर, सगळ्याचा एक पातळ तेलकट थर आतल्या बाजूला बसतो, दिवसा दिसत नाही, रात्री समोरची लाईट त्यावर पडली की अख्खी काच दुधाळ होते. साबणाच्या पाण्याच्या फडक्याने एकदा, साध्या ओल्याने एकदा, मग कोरड्याने, आणि वायपरचे रबर बदलले. तेवढ्यावर काम झालं.

ही तपासणी तुम्ही आज रात्रीच करू शकता, गाडी उभी करून, हँडब्रेक लावून. लांबच्या दिव्याला ज्या रेघा फुटतात त्यांच्याकडे बघत डोकं हळूच खांद्याकडे झुकवा. रेघा जागच्या जागी राहिल्या तर त्या गाडीच्या काचेच्या आहेत, वायपरने पाडलेले ओरखडे असतील नाहीतर तेलकट थर. रेघा डोक्याबरोबर फिरल्या तर डोळा नाहीतर चष्मा. मग डोकं सरळ ठेवून नुसता चष्मा थोडा फिरवा, फक्त तेवढ्यानेच रेघा फिरल्या तर आधी चष्म्याच्या काचेवरचे डाग आणि ओरखडे बघा, पण चष्म्यात सिलिंडर असेल तर तो फिरवल्यानेही दिवा बिघडतो, त्यामुळे यावर फार भरवसा नको. यानंतर एका जाड कागदाला सुईने मिलिमीटरभर भोक पाडा आणि त्यातून तोच दिवा बघा. मिशा जवळजवळ गेल्या तर नंबरचा प्रश्न आहे आणि तो चष्म्याने सुटण्यासारखा आहे. भोकातूनही तसाच धुरकट दिसला तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

कारण ४५ नंतर दुसरी शक्यता असते, मोतीबिंदूची सुरुवात. त्यात दिवसासुद्धा, खासकरून कडक उन्हात किंवा सूर्य समोर असताना, धुकं असल्यासारखं वाटतं, नंबर वर्षात दोनदा बदलतो, आणि बऱ्याचदा एका डोळ्याला जास्त असतं, म्हणून एकेक डोळा झाकून बघा. शुगर असेल किंवा स्टिरॉइडची औषधं खूप दिवस चालू असतील तर हा लवकरही येतो. शुगर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो, मग आज काढलेला नंबर पुढच्या महिन्यात चुकीचा ठरतो, त्यामुळे आधी शुगर ताळ्यावर आणा, मग चष्मा. लाईट नसतानाही, नुसत्या अंधारात, वाट दिसत नसेल तर ती चमकेची गोष्टच नाही, तो पडद्याचा किंवा अ जीवनसत्त्वाचा प्रश्न असू शकतो. आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसून डोळा किंवा डोकं दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, काचबिंदूचा झटका असू शकतो आणि त्यात एकेक तास मोजावा लागतो.

अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू नव्हता, पण कोरडेपणा होता. पापणी उघडल्यावर डोळ्यावरचा पाण्याचा थर दहा सेकंद तरी टिकायला हवा, त्यांचा पाचव्या सेकंदाला फाटत होता. रस्त्याकडे टक लावून बघताना माणूस पापण्या मिटायचंच विसरतो, त्यात वारा किंवा ब्लोअर सरळ तोंडावर, मग थर फाटतो आणि तिथून लाईट पसरते. ब्लोअर छातीकडे वळवायला आणि अधूनमधून मुद्दाम चारपाचदा पूर्ण डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्याच म्हणण्यानुसार याचा थोडा फायदा झाला, नंबरएवढा नाही.

लाईट समोर आली की नजर कुठे ठेवायची हे पंचवीस वर्षांच्या ड्रायव्हरला मी काय शिकवणार, आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीवर ठेवतात हे ते करतच होते. एक मात्र त्यांना नवीन होतं, मीटरच्या पॅनलची लाईट पूर्ण मंद करणं आणि केबिनमधला दिवा व मोबाईलचा स्क्रीन चालवताना बंद. डोळा अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि तुम्ही मोबाईल एकदा बघितला की तो सराव गेला.

तुमच्यासाठी माझं मत असं की आधी वरची उभ्या गाडीतली तपासणी, मग नंबर काढायला जाल तेव्हा "रात्री ट्रक चालवतो, सिलिंडर सोडू नका, दिवे घालवून पण एकदा बघा" एवढं सांगा. तपासणारा नीट असेल तर त्याला राग येणार नाही. नंबर निघाला तर साधी पांढरी काच आणि कोटिंग. नंबर शून्यच निघाला तर कोटिंगच्या बिननंबरी चष्म्यावर पैसे घालवू नका, तिथे दुरुस्त करायला काहीच नाहीये, कारण दुसरीकडे शोधा. निळा उजेड अडवणाऱ्या ब्लू-कट काचेसाठी वेगळे पैसे देऊ नका, रात्रीच्या हेडलाईटसाठी त्याचा उपयोग मला तरी कधी दिसला नाही.

अण्णा आठ महिन्यांनी परत आले तेव्हा काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. दुपारी गाडी उन्हात आणि चष्मा डॅशबोर्डवर, कोटिंग उष्णतेने तडकलं होतं. ते पुसून जात नाही, काचाच बदलाव्या लागल्या, आणि आता चष्मा डबीत आणि डबी सीटखाली असते. मी विचारलं, मग आता रात्रभर चालवता का? नाही म्हणाले. दोन वाजले की गाडी बाजूला लावतात आणि पाचपर्यंत झोपतात, पूर्वीसारखी कारणं सांगत नाहीत, मालकाला सरळ फोन करून सांगतात की दोन ते पाच गाडी उभी आहे, झोप येते.